जुनं मशीन बदलायचं का? आधी करानंतरचा हिशेब मांडा

भोसरी, चाकण, पिरंगुटचे कारखानदार आमच्याकडे येतात तेव्हा बहुधा हातात नव्या मशीनचं कोटेशन असतं आणि मनात निर्णय झालेला असतो. मशीन घेऊ नका, असं आम्ही म्हणत नाही. पण जुनं विकून आलेले पैसे आणि त्यावरचा कर, या दोन ठिकाणी हिशेब हमखास चुकतो. त्यासाठीच हे माहितीपत्रक. खालचं उदाहरण समजायला सोपं जावं म्हणून रचलेलं आहे आणि आकडे गोल घेतले आहेत.

एका भागीदारी फर्मकडे ९ वर्षांपूर्वी १८ लाखांना घेतलेला सीएनसी लेथ आहे. जेवणाच्या सुट्टीनंतर स्पिंडल तापला की बोअरचं माप सरकतं, म्हणून ऑपरेटर दर पाचव्या जॉबला गेज लावतो आणि ऑफसेट देतो. नव्या मशीनची किंमत जीएसटी वगळून २८ लाख. जुन्याला आज ४ लाख येतात. अजून ५ वर्षं चालवलं तर तेव्हा १ लाख येईल. नव्याला ५ वर्षांनी १० लाख यावेत असा अंदाज आहे. रिजेक्शन आणि रीवर्क, देखभाल, वीज आणि बाहेर द्यावं लागणारं काम मिळून वर्षाला ७ लाख वाचतील.

फक्त फरक मोजा

नवं मशीन वर्षाला किती कमावतं हा प्रश्न इथे नाही. जुनं चालू ठेवलं असतं त्यापेक्षा हातात किती जास्त येतं, एवढंच पाहायचं. म्हणून आज खिशातून जाणार ते २८ नव्हे, २८ वजा ४, म्हणजे २४ लाख. शेवटीही १० नव्हे, १० वजा १, म्हणजे ९ लाख धरायचे. जुन्याचा तो १ लाख आपण आजच सोडून दिलेला असतो. ही शेवटची वजाबाकी बहुतेक कोटेशनबरोबरच्या तक्त्यात नसते.

वाचलेल्या ७ लाखांवर करही लागतो. फर्मचा दर ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. हातात उरतात ४ लाख ८१ हजार ६००. कर्जाचा हप्ता यातून वजा करू नका. पुढच्या वर्षांत मिळणारा पैसा आपण वर्षाला १२ टक्के दराने घटवून आजच्या किमतीत आणणारच आहोत. व्याज त्यातच येतं, हप्ताही वजा केला तर ते दोनदा मोजलं जाईल.

जुनं विकल्यावरचा कर

इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. फर्मच्या हिशेबवहीत जुन्या लेथची किंमत अजून ६ लाख दिसते. ४ लाखांना विकला की २ लाख तोटा, मग त्यावर ६२ हजार कर वाचेल ना, असं विचारतात. वाचत नाही. परदेशी पुस्तकांतली उदाहरणं तशी असतात, पण आपल्याकडे प्राप्तिकरात घसारा एकेका मशीनवर नसतो, एकाच दराच्या सगळ्या मशीनच्या गटावर, म्हणजे ब्लॉकवर असतो. साधारण यंत्रसामग्रीचा दर १५ टक्के, घटत्या शिलकीवर.

मशीन विकलं की त्याची विक्रीची रक्कम ब्लॉकमधून वजा होते, बस. नफा-तोट्याचा वेगळा हिशेब त्या वर्षी होत नाही. लेथची ब्लॉकमधली जुनी शिल्लक मशीन ठेवा किंवा विका, आहे त्याच गतीने घसरत राहते. म्हणून ती आपल्या तुलनेत येतच नाही.

मग ४ लाख फुकट मिळाले का? नाही. ब्लॉक ४ लाखांनी कमी झाला, म्हणजे पहिल्या वर्षी ६० हजारांचा घसारा गेला आणि कर १८,७२० रुपयांनी वाढला. पुढे दर वर्षी असाच, पण घटत. आजच्या किमतीत या सगळ्याची बेरीज साधारण ६९ हजार होते. विक्रीवरचा खरा कर हा, आणि तो हळूहळू भरला जातो.

एक अपवाद लक्षात ठेवा. विक्रीची रक्कम ब्लॉकच्या शिलकीपेक्षा जास्त झाली, तर वरची रक्कम अल्पकालीन भांडवली नफा धरली जाते. ब्लॉकमध्ये एकही मशीन उरलं नाही तरी तोच नियम लागतो, आणि तेव्हा तोटा झाला तर तो फक्त भांडवली नफ्यातूनच वजा होतो. एकच मशीन असलेल्याने जुनं मार्चमध्ये विकून नवं एप्रिलमध्ये घेऊ नये. दोन्ही एकाच आर्थिक वर्षात करा.

बेरीज

ब्लॉक २८ ने वाढला, ४ ने कमी झाला, म्हणजे २४ लाखांवर घसारा. पहिल्या वर्षी ३ लाख ६० हजार, त्यावर वाचलेला कर १ लाख १२ हजार. पाचव्या वर्षी तो ५९ हजारांवर येतो. नवं मशीन सहावं वर्ष लागताच विकलं असं धरलं आहे. १२ टक्क्यांनी आजच्या किमतीत आणलं की चित्र असं दिसतं:

| बाब | आजची किंमत (लाख रु.) |
|---|---|
| करानंतरची बचत, ५ वर्षं | १७.३६ |
| घसाऱ्यामुळे वाचलेला कर, ५ वर्षं | ३.११ |
| विक्रीतला फरक, ९ लाख | ५.११ |
| ९ लाख वजा होऊन ब्लॉकमध्ये उरलेल्या १.६५ लाखांवरचा पुढचा घसारा | ०.१६ |
| एकूण | २५.७४ |
| आज घालायचे | २४.०० |
| उरतात | १.७४ |

म्हणजे घ्यायला हरकत नाही, पण फरक थोडाच आहे. वर्षाची बचत ७ ऐवजी ६ लाख ३० हजारांवर आली की तो संपतो. नव्या मशीनला ५ वर्षांनी १० ऐवजी ६ लाखच आले, तर ब्लॉकमध्ये जास्त शिल्लक राहून थोडा जास्त घसारा मिळतो, तरीही १३ हजारांच्या आसपास तोटाच होतो. हा निर्णय ५ वर्षांनंतरच्या भावावर उभा आहे, म्हणून आम्ही विक्रेत्याचा आकडा कधीच जसाच्या तसा धरत नाही. त्याच बनावटीची ५ वर्षं वापरलेली मशीन आज कितीला जातात, ते जुन्या मशीनच्या दोन व्यापाऱ्यांना विचारतो.

वरच्या हिशेबात पहिल्या वर्षीचा जादा घसारा धरलेला नाही. उत्पादन करणाऱ्याला अटी पूर्ण केल्यास नव्या मशीनच्या किमतीवर २० टक्के मिळतो आणि आपला निकाल आणखी बरा होतो. मात्र २२ टक्क्यांचा सवलतीचा दर निवडलेल्या कंपनीला तो मिळत नाही. मशीनवरच्या जीएसटीचं क्रेडिट घेतलं असेल, तर तेवढ्या रकमेवर घसाराही नाही.

दसऱ्याचं मशीन

खंडेनवमीला मशीनला हार घालायचा आणि दसऱ्याला नवं सुरू करायचं ही आपली रीत आहे. पण मशीन त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं, तर पहिल्या वर्षी घसारा निम्माच मिळतो. २०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला आला, तेव्हा सुरू झालेलं मशीन नियमात बसलं. २०२४ चा १२ ऑक्टोबरला होता, त्या दिवशी सुरू झालेलं बसलं नाही. २८ लाखांच्या मशीनवर हा फरक २ लाख १० हजार घसाऱ्याचा, म्हणजे पहिल्या वर्षी सुमारे ६५ हजार जास्त कराचा. तो घसारा बुडत नाही, पुढच्या वर्षांवर ढकलला जातो. मोजतात ती तारीख मशीन प्रत्यक्ष वापरात आल्याची, बिलाची नव्हे. म्हणून पहिल्या जॉबचा रिपोर्ट जपून ठेवा.

आमच्याकडे येताना मागच्या विवरणपत्रातला घसाऱ्याचा तक्ता, जुन्या मशीनसाठी आलेला लेखी भाव आणि गेल्या १२ महिन्यांचं रिजेक्शन रजिस्टर घेऊन या. रजिस्टर नसेल तर महिनाभर रोजची नोंद ठेवा आणि मग या.