उभी-आडवी बेरीज जुळली, पण तक्ता बरोबर आहे का?

निवडणूक झाली की बूथनिहाय आकड्यांचे तक्ते व्हॉट्सॅपवर फिरायला लागतात आणि खाली कुणीतरी हमखास लिहितं, "उभी-आडवी बेरीज चेक केली, जुळते, म्हणजे आकडे बरोबर आहेत." हा गैरसमज इतका पसरलेला आहे की एकदा नीट सांगावंसं वाटलं. आडव्या-उभ्या बेरजेचा ताळा फार सुंदर आहे, फक्त तो नेमकं काय पकडतो ते बघायला हवं.

आपल्याकडे मतमोजणीनंतर फॉर्म २० नावाचा तक्ता बनतो. आडव्या ओळीत मतदान केंद्र, उभ्या रकान्यात उमेदवार. तीन बूथ आणि तीनच उमेदवार असलेला एक काल्पनिक तुकडा घेऊ (नोटा वगैरे सोडून देऊ):

| बूथ | क | ख | ग | एकूण |
|---|---|---|---|---|
| १ | २१४ | १८७ | ४६ | ४४७ |
| २ | ३०५ | १६२ | ७१ | ५३८ |
| ३ | १५८ | २४९ | ३३ | ४४० |
| एकूण | ६७७ | ५९८ | १५० | १४२५ |

उजवीकडचे एकूण खाली बेरजेत घेतले तरी १४२५ आणि तळातले एकूण आडवे मिळवले तरी १४२५. दोन्हीकडे तेच नऊ आकडे आहेत, फक्त मिळवण्याचा क्रम वेगळा, त्यामुळे उत्तर जुळायलाच हवं. आता समजा बूथ २ ची बेरीज करताना हातचा एक विसरला आणि ५३८ ऐवजी ४३८ लिहिलं. उजवीकडून १३२५ येतील, तळातून १४२५. फरक बरोबर १००, म्हणजे शतकस्थानचा हातचा सुटलाय असा संशय लगेच येतो. बेरजेतली चूक हा ताळा अशी झटकन पकडतो.

पण समजा बेरीज करण्याआधीच, आकडा उतरवून घेताना बूथ ३ मध्ये ख चे २४९ ऐवजी २९४ लिहिले गेले. मग ओळीची बेरीज ४८५ होते, रकान्याची ६४३ होते आणि एकूण दोन्ही बाजूंनी १४७०. अगदी छान जुळतं! कारण प्रत्येक चौकट एकाच ओळीत आणि एकाच रकान्यात एकदाच मोजली जाते, त्यामुळे ४५ ची चूक दोन्ही वाटांनी सारखीच खाली येते आणि ताळ्याला काही कळतच नाही.

ही चूक पकडायला बाहेरून आलेला आकडा लागतो, म्हणजे जो या चौकटी मिळवून बनवलेला नाही असा. तो इथे आहे. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष फॉर्म १७सी चा भाग १ भरतात, त्यात मशीनवर एकूण किती मतं नोंदली गेली ते असतं. तिथे बूथ ३ ला ४४० आहेत आणि आपल्या तक्त्यात ४८५, फरक ४५.

आणि आता माझा सगळ्यात आवडता भाग. ४५ ला ९ ने भाग जातो, तेव्हा शेजारचे दोन अंक उलटे लिहिले गेलेत का ते आधी बघायचं. दशकात अ आणि एककात ब असेल तर किंमत १०अ + ब, उलटं केलं की १०ब + अ, वजाबाकी ९ × (अ − ब). म्हणजे ४५ ÷ ९ = ५, उलटलेल्या अंकांमध्ये ५ चा फरक हवा, आणि आकडा वाढलाय म्हणून मोठा अंक पुढे आलेला असणार. ओळीत बघा: १५८ मधल्या ५ आणि ८ मध्ये ३ चा फरक, ३३ मध्ये शून्य, २९४ मधल्या ९ आणि ४ मध्ये ५. सापडली चौकट! यात ९ ची काही दैवी शक्ती वगैरे नाही हं, अंकशास्त्रवाले काहीही सांगोत, आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून १० − १ = ९ येतात, आठच्या पटीत मोजलं असतं तर हाच मान ७ ला मिळाला असता.

एक्सेलवाल्यांनी तर जास्तच सांभाळायला हवं, कारण तिथे दोन्ही बेरजा मशीनच करतं. बूथचे नंबर A मध्ये, उमेदवार B ते D, एकूण E मध्ये धरले तर ताळा असा:

```
=SUM(E2:E4)-SUM(B5:D5)
```

उत्तर शून्य यायला हवं. पण एखादी चौकट नंबरऐवजी टेक्स्ट म्हणून सेव्ह झाली असेल (बहुतेक वेळा असा आकडा चौकटीत डावीकडे चिकटलेला दिसतो) तर SUM तिला आडवं पण सोडून देतं आणि उभं पण, आणि उत्तर शून्यच राहतं. म्हणून सोबत हे टाकायचं:

```
=COUNT(B2:D4)
```

९ आले तर सगळे नंबर आहेत, ८ आले तर एक चौकट टेक्स्ट तरी आहे किंवा रिकामी तरी.

आता एक चूक अशी आहे जी वरच्या कशातच सापडत नाही. बूथ ३ वर ख आणि ग ची मतं अदलाबदल झाली, ख ला ३३ आणि ग ला २४९. ओळ ४४०, फॉर्म १७सी च्या भाग १ शी जुळली, एकूण १४२५ दोन्हीकडून जुळले, COUNT पण ९. आणि ख ची २१६ मतं ग च्या खात्यात. ती धरायची तर त्या बूथचा १७सी चा भाग २, ज्यात मोजणीनंतर उमेदवारनिहाय आकडे भरतात, तो समोर ठेवून एकेक चौकट वाचूनच बघावी लागते.