अंदाज आणि अंदाजपंचे

आपल्याकडे ‘अंदाजपंचे दाहोदरसे’ म्हणतात. बडोद्यात वाढल्यामुळे लहानपणी मला वाटायचं, ही म्हण गोध्र्यापुढच्या दाहोदवरूनच आली असणार. इंदूरच्या गाडीत बसलं की दाहोद कधी येईल ते कोणालाच नेमकं सांगता यायचं नाही. ते असो. पण अंदाज आणि अंदाजपंचे या दोन गोष्टी कागदावर अगदी जुळ्या भावांसारख्या दिसतात. रेझ्युमेत ‘सुमारे ४० टक्के’ लिहिलेलं असतं, आणि ते यातलं नेमकं कोणतं हे वाचून कळत नाही. कळतं ते समोरच्याने ‘कशावरून?’ असं विचारल्यावर.

मकरपुरा जीआयडीसी या बडोद्याच्या औद्योगिक वसाहतीत स्टोअर आणि प्लॅनिंगमध्ये माझी बरीच वर्षं गेली, पुढे मुलाखती घेणाऱ्यांच्या बाजूलाही बसलो. त्यामुळे दांडिया बाजारातल्या आमच्या शेजारची मुलगी मागच्या महिन्यात रेझ्युमे घेऊन आली, तेव्हा माझी नजर आधी आकड्यांवरच गेली. ती दोन वर्षं एका व्हॉल्व्हच्या सुट्या भागांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळत होती. ओळ अशी होती: ‘रॅकची मांडणी बदलून मटेरियल इश्यूचा वेळ ४५ टक्क्यांनी कमी केला.’ इश्यू म्हणजे स्टोअरच्या खिडकीतून लागणारे भाग देणं.

“पंचेचाळीसच का गं? चाळीस का नाही?”

“काका, चाळीस सगळेच लिहितात.”

हे झालं अंदाजपंचे. गंमत म्हणजे काम तिने खरंच केलं होतं. आधी ग्लँड, स्टेम, सीट रिंग असे व्हॉल्व्हचे भाग जिथे जागा मिळेल तिथे ठेवलेले असत. तिने जास्त लागणारे भाग खिडकीजवळच्या रॅकवर आणले, प्रत्येक खणाला बिन कार्ड, म्हणजे त्या खणातल्या मालाची नोंद ठेवायचं कार्ड, लावलं. वेळ नक्की वाचला. किती वाचला, ते मात्र कोणी मोजलं नव्हतं. नोकरी सुटली, रजिस्टर कारखान्यात राहिलं. ते मागायला जाणं किंवा कोणाकडून गुपचूप फोटो मागवणं बरोबर नाही; तो कारखान्याचा कागद आहे. मग उरते ती स्वतःची आठवण. लोक इथेच चुकतात. आठवणीला थेट टक्के विचारतात. टक्के कोणालाच आठवत नसतात. आठवतात ते चहाच्या वेळा, संपलेली पॅडं, खिडकीसमोरची रांग.

मी तिला विचारलं, शिफ्ट किती वाजता सुरू व्हायची? आठला. सकाळच्या स्लिपा, म्हणजे भाग मागणाऱ्या चिठ्ठ्या, कधी उरकायच्या? “पूर्वी दहाच्या चहापर्यंत. चहावाला आला तरी दोघं-तिघं उभेच असायचे कधीकधी. क्वचित त्याच्या आधी मोकळी व्हायचे.” आणि रॅक बदलल्यावर? “सव्वानऊपर्यंत खिडकी रिकामी.”

हा खरा माल. आता याला कडा लावायच्या. दहा म्हणजे अगदी दहा नव्हे. पावणेदहा ते सव्वादहा धरू. म्हणजे आधी १०५ ते १३५ मिनिटं लागत. नंतरचं सव्वानऊ म्हणजे नऊ-दहा ते नऊ-पंचवीस, म्हणजे ७० ते ८५ मिनिटं. सगळ्यात कंजूष हिशेब करायचा तर १०५ वरून ८५: वीस मिनिटं वाचली, जेमतेम पाचवा हिस्सा. सगळ्यात उदार हिशेब १३५ वरून ७०: जवळजवळ निम्मा वेळ वाचला. यातलं कुठलंही टोक खरं असण्याची शक्यता कमी, कारण त्यासाठी दोन्ही आठवणी उलट्या दिशांनी चुकायला हव्यात. मधोमध धरलं तर दोन तासांचे साधारण सव्वा तास होतात, म्हणजे एक तृतीयांशाहून किंचित जास्त.

तिचे पंचेचाळीस टक्के या पट्ट्यात बसतात, हे तिने लगेच दाखवून दिलं. बसतात खरे, पण अगदी वरच्या कडेला. तपासायचं तर उलटा हिशेब करावा. १२० मिनिटांतून ४५ टक्के गेले की उरतात ६६. म्हणजे रोज नऊ वाजून सहा मिनिटांनी खिडकी रिकामी. “आठवतं असं?” ती हसली. “नऊला मला पाणी प्यायलासुद्धा उठता यायचं नाही.” आपल्याच आकड्याला असं घड्याळात नेऊन बघितलं की तो कुठे ताणलाय ते आपल्यालाच दिसतं.

मग लहर फिरली आणि ती म्हणाली, “दोन तासांचे सव्वा तास म्हणजे साडेसदतीस टक्के. तेच लिहिते, आकडा पक्का वाटेल.” नेमकं हेच नको. साडेसदतीस हा भागाकार बरोबर आहे, पण वाचणाऱ्याला तो सांगतो की कोणीतरी घड्याळ लावून मोजलं होतं. चहाच्या वेळेवरून काढलेल्या आकड्याला दशांश शोभत नाही. ‘सुमारे एक तृतीयांश’ हे शब्द जितकं माहीत आहे तितकंच बोलतात. माझं मत विचाराल तर टक्के गाळूनच टाकावेत. ‘सुमारे दोन तासांवरून साधारण सव्वा तासावर’ असं लिहिलं की समोरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर स्टोअरची खिडकी उभी राहते, आणि टक्के त्याला हवे असतील तर तो मनात काढतो.

याच्या उलटी लबाडीही पाहिली आहे. एक उमेदवार ‘१० ते ६० टक्के सुधारणा’ असं लिहून आला होता. पट्टा दिला की प्रामाणिकपणा आला, अशी त्याची समजूत. पण तो पट्टा कुठल्याच आठवणीतून आलेला नव्हता. पकडलं जाऊ नये म्हणून दोन्हीकडे मोकळी जागा सोडली होती. वीस ते पन्नासचा आमचा पट्टाही रुंदच होता, तरी त्याची प्रत्येक कड कुठल्या मिनिटातून आली ते सांगता येत होतं. कोणी म्हणालं असतं, ‘नाही, चहावाला साडेनऊला यायचा’, तर आमचे आकडे तिथल्या तिथे बदलले असते. त्या उमेदवाराचे काही केल्या बदलले नसते, कारण ते कशावरच उभे नव्हते. मला तरी दोन्हींतला फरक ओळखायला याहून सोपी खूण सापडलेली नाही.

आता मुलाखतीत खरं खोदलं जातं ते पुढे. वेळ कमी झाला, कबूल. पण स्लिपाच कमी झाल्या नसतील कशावरून? ऑर्डरी मंदावल्या की कुठल्याही स्टोअरची खिडकी लवकर रिकामी होते. यासाठी तिला स्लिपांचा आकडा आठवेना. मी विचारलं, पॅड कुठून यायची? “ऑफिसातून, दर सोमवारी सही करून. पन्नासची पॅड. कधी दोन, कधी तीन.” रॅक बदलल्यावरही? “तेवढीच.” म्हणजे आठवड्याला १०० ते १५० स्लिपा, सहा दिवसांत रोजच्या १७ ते २५. आधी आणि नंतर काम तेवढंच होतं, हे रजिस्टरशिवाय कळलं. आणखी एक पडताळा यातूनच होतो. निम्म्या स्लिपा सकाळच्या, असं ती म्हणत होती, म्हणजे आठ ते बारा. दोन तासांना त्याने भागलं की एका स्लिपेला दहा ते पंधरा मिनिटं येतात. शोधणं, मोजणं, नोंद, सही. विस्कळीत स्टोअरमध्ये पटण्यासारखं आहे. उत्तर दोन मिनिटं किंवा चाळीस मिनिटं आलं असतं, तर कुठली तरी आठवण खोटी होती असं समजायचं.

आणि मग निघाला हेल्पर. बोलता बोलता ती म्हणून गेली की मधे स्टोअरला तिच्या हाताखाली एक हेल्पर मिळाला होता. मी पेन खाली ठेवलं. दोन हातांचे चार हात झाल्यावर वेळ कमी होणारच, त्याचं श्रेय रॅकला कसं देणार? तिचा चेहरा पडला. मग तिने फोन काढला. रॅक लावले त्या दिवशी तिने हौसेने फोटो काढले होते, तारखेसकट. हेल्परच्या पहिल्या दिवसाचा निरोपही तिच्याच फोनमध्ये होता. मधे जवळपास तीन महिने. आणि सव्वानऊची आठवण त्या तीन महिन्यांतलीच, कारण एकटीने काम उरकल्यावर ती खिडकीपाशी बसून बिन कार्डं भरायची, हे तिला पक्कं आठवत होतं. हेल्पर आल्यावर खिडकी आणखी लवकर मोकळी व्हायची, ते आम्ही हिशेबात घेतलंच नाही. फोटो नसते तर? तर ‘मांडणी बदलून आणि हेल्पर वाढल्यावर’ असं दोन्ही लिहावं लागलं असतं, आणि कोणाचा वाटा किती ते सांगता आलं नसतं.

दुसरी ओळ मात्र मी तिला खोडायला लावली. ‘वर्षाला ५ लाखांची बचत.’ तिचा हिशेब असा होता: रोज पाऊण तास, इतके ऑपरेटर, मशीनचा ताशी दर, गुणिले तीनशे दिवस. साखळी लांब आहे म्हणून ती वाईट ठरत नाही. पण तिच्यातल्या दोन कड्या हवेत होत्या. ताशी दर तिला कधी कोणी सांगितलाच नव्हता. आणि ऑपरेटर रांगेत उभा असताना त्याचं मशीन खरंच बंद असायचं का? बरेच जण पोराला रांगेत पाठवून स्वतः सेटिंग करत असायचे, हे तिनेच सांगितलं. म्हणजे वाचलेला पाऊण तास हा मशीनचा पाऊण तास नव्हेच. इथे पट्टा देऊनही भागत नाही, कारण खालची कड शून्यावर टेकते. खालची कड शून्य असेल तर त्या ओळीत सांगण्यासारखं काही नसतं. ती गेल्यावर रेझ्युमे जरा ओका दिसू लागला, हे खरं.

शेवटी ओळ उरली ती अशी: ‘जास्त लागणाऱ्या भागांची मांडणी बदलून व बिन कार्ड लावून, रोजच्या साधारण २० स्लिपा तेवढ्याच असताना, सकाळचा इश्यू सुमारे दोन तासांवरून सव्वा तासावर आणला (अंदाजे).’ कंसातला शब्द काढून टाकायची तिची फार इच्छा होती.

गेल्या गुरुवारी मुलाखत झाली. समोरच्या साहेबांनी बोट त्याच कंसावर ठेवलं. “अंदाजे म्हणजे? मोजलं नव्हतं?”

“नाही सर, घड्याळ लावून नाही. शिफ्ट आठला सुरू व्हायची आणि चहा दहाला यायचा, त्यावरून काढलंय. दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे होतील. सगळ्यात कमी धरलं तरी वीस मिनिटं वाचत होती.”

“हेल्पर किती होते?”

तिने तीन महिन्यांचं सांगितलं. पुढची पंधरा मिनिटं म्हणे ते फक्त रॅकबद्दल बोलत होते. सीट रिंग मापाप्रमाणे लावल्या होत्या की ऑर्डरप्रमाणे, एवढ्यावरच.