शेड्यूल केलेला मेल आणि टाइम झोन

आज लिहिलेला मेल किंवा संदेश पुढच्या ठरावीक तारखेला, ठरावीक वेळी आपोआप जावा अशी व्यवस्था करणे म्हणजे तो शेड्यूल करणे. गजर लावतात तसा मेल 'लावून ठेवला' असेही बोलण्यात येते. गजराशी असलेले साम्य मात्र इथेच संपते, कारण गजर लावणारा आणि ऐकणारा एकाच घड्याळाखाली असतात. मेल लावणारा इंदूरला असतो आणि वाचणारा न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये. अशा वेळी 'साडेचार' म्हणजे कुठले साडेचार, हा या सोयीतला खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर बहुतेक ठिकाणी एकच असते: मेल लावताना ज्या यंत्रापुढे आपण बसलो आहोत, त्या यंत्राच्या टाइम झोनमधले साडेचार. ज्याला मेल जाणार आहे त्याचे घड्याळ कुणी विचारात घेत नाही.

हा प्रश्न आपल्याला चटकन सुचत नाही, कारण भारतात एकच प्रमाणवेळ आहे. ती 82.5 अंश पूर्व रेखांशावरून ठरते, जागतिक प्रमाणवेळेच्या म्हणजे यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असते आणि 1 जानेवारी 1906 पासून चालू आहे. इंदूर त्या रेखांशाच्या बरेच पश्चिमेला असल्यामुळे इथला सूर्य घड्याळापेक्षा सुमारे 26 मिनिटे मागे असतो, पण त्याने कुणाची गाडी चुकत नाही. उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करण्याची पद्धतही आपल्याकडे नाही. त्यामुळे अमेरिकेत मुलगा असलेल्या घरात एक आकडा पाठ असतो, साडेनऊ किंवा साडेदहा, आणि तो कायमचा आहे असे धरले जाते. प्रत्यक्षात तो वर्षातून दोनदा बदलतो, आणि बदल आपल्या बाजूला नसून तिकडे होत असल्याने इथे कुणाला त्याची चाहूल लागत नाही.

संगणकावरच्या जीमेलमध्ये कृती सोपी आहे. मेल लिहून झाला की `Send` च्या शेजारचा छोटा बाण दाबायचा, `Schedule send` निवडायचे आणि मग `Pick date & time` मध्ये तारीख आणि वेळ भरायची. मोबाइलवर हाच पर्याय वरच्या तीन ठिपक्यांच्या आत असतो. लावलेला मेल `Scheduled` या कप्प्यात जाऊन बसतो. वेळ भरण्याच्या चौकटीत टाइम झोन विचारला जात नाही, आणि चूक होते ती नेमकी तिथेच.

2026 चा गुढीपाडवा हे याचे चांगले उदाहरण आहे. तो 19 मार्चला, गुरुवारी येतो. समजा इंदूरच्या रामबागेत राहणारे एक काका मार्चच्या पहिल्या आठवड्यात निवांत बसून पाडव्याचे पत्र लिहितात. मुलगा न्यू जर्सीतल्या एडिसनला आहे, मुलगी लंडनला. दोघांना ते आपापल्या सकाळी सात वाजता, चहाच्या वेळी मिळावे अशी इच्छा आहे. काका मोबाइलमधले जगाचे घड्याळ बघतात. न्यू जर्सी साडेदहा तास मागे, लंडन साडेपाच तास मागे. हिशेब सरळ आहे: मुलासाठी संध्याकाळी 5:30, मुलीसाठी दुपारी 12:30. दोन्ही मेल लागतात.

मुलीचे पत्र बरोबर सात वाजता पोचते. मुलाचे आठ वाजता, तो स्टेशनच्या वाटेवर असताना. काकांची बेरीज चुकली नव्हती. त्यांनी आकडा त्या दिवशीचा घेतला होता आणि मेल जायचा होता दोन आठवड्यांनी. अमेरिकेत घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, 2026 मध्ये 8 मार्चला पहाटे दोन वाजता. आपल्याकडे तेव्हा दुपारचे साडेबारा असतात. त्याच रविवारी रंगपंचमी आहे, म्हणजे इंदूरच्या राजवाड्यासमोर गेरीच्या मिरवणुकीत गुलाल उडत असतानाच न्यू जर्सीचे अंतर साडेदहावरून साडेनऊ तासांवर येते. ब्रिटनमध्ये हाच बदल मार्चच्या शेवटच्या रविवारी होतो, त्या पाडव्यानंतर दहा दिवसांनी, 29 मार्चला. म्हणून पाडव्याच्या दिवशी अमेरिका बदललेली आणि लंडन जुन्याच वेळेवर, अशी मधली अवस्था असते. मुलासाठी बरोबर वेळ दुपारी 4:30 ही होती.

दिवाळीत चूक उलट्या दिशेने होते. अमेरिकेतली घड्याळे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात, 2026 मध्ये 1 नोव्हेंबरला, आणि लक्ष्मीपूजन आहे 8 नोव्हेंबरला. ऑक्टोबरात साडेनऊ तास धरून दुपारी 4:30 ला लावलेले पत्र तिकडे सहा वाजताच वाजते. अभ्यंगस्नानाला उठायची वेळ तीच असल्यामुळे या चुकीची तक्रार सहसा कानावर येत नाही.

यातून निघणारा नियम असा की आजचे अंतर बघायचे नाही, मेल जायच्या दिवसाचे बघायचे. जगाचे घड्याळ आजचेच अंतर सांगते, 'न्यू जर्सीत आता किती वाजले' असा शोध घेतला तरी तेच. पुढच्या तारखेची खात्री करायला गूगल कॅलेंडर बरे पडते. 19 मार्चला सकाळी सात वाजताची एक नोंद करावी, तिच्या `Time zone` मध्ये न्यू यॉर्कची वेळ म्हणजे `Eastern Time` निवडावी आणि जतन करावी. ती आपल्या कॅलेंडरमध्ये दुपारी साडेचारला दिसते. वेळ टिपून घेऊन नोंद पुसून टाकावी. लिनक्स वापरणाऱ्यांना हेच एका ओळीत पडताळता येते:

```
TZ=America/New_York date -d '2026-03-19 16:30 +0530'
```

उत्तरात सकाळचे सात आणि त्यापुढे `EDT`, म्हणजे न्यू यॉर्कची उन्हाळी वेळ, अशी खूण दिसते. शेवटचे `+0530` महत्त्वाचे आहे, कारण दिलेली वेळ कुठली हे तिथे उघड सांगितलेले असते. पोचलेल्या मेलच्या मूळ मजकुरातही `Date` च्या ओळीत असाच फरक लिहिलेला असतो. त्यावरून वाचणाऱ्याचा मेल प्रोग्राम वेळ त्याच्या घड्याळात बदलून दाखवतो. म्हणून एकच मेल इंदूरला साडेचारचा आणि एडिसनला सातचा दिसतो, आणि दोन्ही खरे असतात.

दुसरी चूक झोनची नाही, आपल्या भाषेची आहे. 'एकोणीसच्या रात्री बारा' असे आपण म्हणतो तेव्हा मनात एकोणीस तारीख संपण्याची वेळ असते, कारण आपला दिवस उगवतीपासून मोजला जातो आणि रात्र त्याच दिवसाची धरली जाते. यंत्राचा दिवस मध्यरात्री सुरू होतो. तिथे 19 तारीख आणि `12:00 AM` भरले तर एकोणीस तारीख सुरू होण्याचा क्षण धरला जातो, म्हणजे आपल्या बोलण्यातली अठराची रात्र. वाढदिवसाच्या मध्यरात्री जाणारे संदेश यामुळे पूर्ण एक दिवस आधी जातात. `12:01 AM` भरून पाहिले की तारीख कुठली हवी ते चटकन लक्षात येते.

सर्वांत फसवा प्रकार यंत्राचाच झोन चुकलेला असण्याचा. सुट्टीत आलेला मुलगा जुना लॅपटॉप आईवडिलांसाठी ठेवून जातो आणि त्याच्यावर झोन अमेरिकेचाच राहतो. कोपऱ्यातले घड्याळ साडेनऊ तास मागे दिसले तर निदान शंका येते. पण घरातले कुणीतरी 'घड्याळ बिघडलंय' म्हणून हाताने काटे पुढे सरकवते आणि झोनला हात लावत नाही. आता आपल्याला दिसते ते बरोबर, यंत्राला समजते ते चूक. अशा लॅपटॉपवर 19 मार्चला दुपारी साडेचार भरले तर मेल अमेरिकेच्या साडेचारला, म्हणजे इंदूरच्या 20 तारखेच्या पहाटे दोनला जातो. याची एक हमखास खूण आहे: आत्ता आलेला मेल साडेनऊ तास जुना दिसतो. तसे दिसले तर आधी झोन बदलावा आणि मग हाताने सरकवलेले घड्याळ पुन्हा बरोबर लावावे. विंडोजच्या यादीत इंदूर सापडत नाही. तिथे `(UTC+05:30) Chennai, Kolkata, Mumbai, New Delhi` ही ओळ निवडायची. इतर बऱ्याच प्रणालींमध्ये आपला झोन `Asia/Kolkata` या नावाने असतो.

झोन बरोबर असूनही मेल न जाण्याचे कारण वेगळे असते: तो कुणाकडे ठेवलेला आहे. जीमेल लावलेला मेल स्वतःच्या सर्व्हरवर धरून ठेवते, त्यामुळे घरातली वीज गेली किंवा लॅपटॉप बंद असला तरी अडत नाही. नेमक्या मिनिटाची मात्र हमी नाही, काही मिनिटे उशीर होऊ शकतो. विंडोजवरच्या जुन्या आउटलुकमध्ये `Delay Delivery` नावाची सोय आहे. तिथे पीओपी किंवा आयमॅप या पद्धतीने जोडलेले खाते असेल तर मेल आपल्याच संगणकात थांबतो आणि त्या वेळी आउटलुक उघडे नसेल तर जात नाही. अँड्रॉइडवर लावलेला एसएमएसही फोनमध्येच असतो. फोन बंद राहिला तर तो रखडतो.

वेळ शब्दांत कळवताना `IST` ही अक्षरे जपून वापरावीत. भारतात त्यांचा अर्थ भारतीय प्रमाणवेळ, आयर्लंडमध्ये तिथली उन्हाळी वेळ आणि इस्राएलमध्ये तिसरीच. `EST` या न्यू यॉर्कच्या हिवाळी वेळेचेही तसेच. उन्हाळ्यात अमेरिकन माणूसही सवयीने ते लिहितो, पण तेव्हा चालू असते `EDT`, आणि अक्षरशः घेतले तर तासाचा फरक पडतो. 'इंदूरचे साडेचार, न्यू जर्सीचे सात' असे दोन्ही गावांसह लिहिलेले कधीही बरे.

लावलेली वेळ चुकली हे मेल जाण्यापूर्वी लक्षात आले तर `Scheduled` मध्ये जाऊन तो उघडावा आणि `Cancel send` दाबावे. मेल मसुदा होऊन परत येतो. मजकूर शाबूत असतो, वेळ मात्र पुसली जाते, आणि ती पुन्हा भरली नाही तर पत्र `Drafts` मध्येच पडून राहते.