कपडे ओलेचिंब निघतात: पाणी तुंबलंय की ड्रम मंद फिरतोय?

जुलै-ऑगस्टात नाशिकची भुरभुर सुरू झाली की मशीनमधून निथळत निघालेले कपडे दोन-दोन दिवस दोरीवर वाळत नाहीत आणि त्यांना कुबट वास मारू लागतो. मग मेकॅनिकला फोन जातो, "स्पिन बिघडलंय." पण कपडे ओले राहण्यामागे दोन वेगळी दुखणी असतात. एकात मशीनमधलं पाणीच बाहेर जात नाही. दुसऱ्यात पाणी जातं, पण ड्रम पुरेशा वेगाने फिरत नाही. दोन्हींत हातात येतो तो पिळायला हवा असलेला शर्टच, म्हणून गल्लत होते.

आधी वेगाचं बोलू. कपड्यातलं पाणी बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. टॉप लोड मशीन मिनिटाला साधारण 700 फेऱ्यांनी फिरायला हवं आणि ते 350 वर अडकलं, तर जोर निम्मा नव्हे, चौथाई उरतो. त्यामुळे ड्रम फिरताना दिसतो, आवाजही येतो, आणि तरी चादर टपकत राहते. "फिरतंय ना, मग ठीक आहे" हा निष्कर्ष इथेच फसतो.

आता तुंबलेल्या पाण्याचं. बऱ्याच टॉप लोड मशीनमध्ये पाणी बाहेर ढकलणारा पंप नसतो. खालची झडप उघडते आणि पाणी उताराने आपसूक वाहतं. इंदिरानगरमधल्या आमच्या शेजारच्या काकूंकडे हेच झालं. बाल्कनीत नवीन फरशी बसली, मशीन परत जागेवर ठेवताना ड्रेन पाइप फूटभर उंच कठड्यावरून पलीकडच्या जाळीत सोडला. त्या दिवसापासून कपडे ओले. एका मेकॅनिकने न उघडता पट्टा बदलायला सांगितलं. खरं तर पाइपच्या उंचीइतकं पाणी बाहेरच्या टबच्या तळाशी साचून राहत होतं. ते इतकं कमी, की मशीनला टब रिकामा वाटे आणि ते स्पिन सुरू करी. पण ड्रमचा तळ त्या पाण्यात घासत फिरे. म्हणजे दुखणं पाण्याचं, लक्षण मंद स्पिनचं. पाइप पुन्हा जमिनीलगत, उतार देऊन सोडला आणि खर्च शून्य.

ओळखायची सोपी युक्ती: सायकल संपल्यावर पाइपचं तोंड मशीनपेक्षा खाली, मोरीत आणा आणि झडप उघडावी म्हणून पुन्हा फक्त स्पिन लावा. भळकन पाणी आलं तर अडचण निचऱ्याची. चार थेंब आले तर निचऱ्यावरचा संशय बराच कमी होतो. निचरा बिघडल्यावर बघायचं ते असं: पाइप कुठे दुमडलाय का, उंच चढलाय का, मोरीच्या जाळीत फार आत खुपसलाय का, झडपेत मोजा किंवा नाणं अडकलंय का. फ्रंट लोडमध्ये पंप असतो, आणि बहुतेक वेळा गुन्हेगार खालच्या दाराआडचा फिल्टर असतो. परात ठेवून तो हळूहळू उघडा.

निचरा ठीक निघाला तर ड्रमकडे वळा. मशीन पूर्ण रिकामं करून, झाकण लावून फक्त स्पिन चालवा. रिकामा ड्रम मिनिट-दोन मिनिटांत चढत्या आवाजाने पूर्ण वेगाला गेला, तर मोटर-पट्टा बहुधा धडधाकट आहे आणि दोष भरलेल्या कपड्यांच्या मांडणीत आहे. एकच जाड चादर किंवा ब्लँकेट ड्रमच्या एका बाजूला गोळा होतं, मशीन हेलकावे खातं, पुन्हा पाणी घेऊन कपडे सारखे करायचा प्रयत्न करतं आणि शेवटी वेग कमी ठेवून सायकल उरकतं. सोबत दोन-तीन टॉवेल टाकले की काम होतं. पावडर जास्त पडली तरी फेसामुळे स्पिन रेंगाळतो. आणि नाजूक कपड्यांच्या प्रोग्रॅममध्ये वेग मुद्दाम कमी असतो, तो बिघाड नव्हे. हे शेवटचं तपासून बघायला कोणाला सुचत नाही.

रिकामा ड्रमही मंदच फिरला, तर मात्र मेकॅनिक हवा. पट्टा सैल झाला असेल तर मशीनखाली काळी भुकटी पडलेली दिसते आणि जळक्या रबराचा वास येतो. मोटर नुसती गुणगुणते आणि ड्रम उचलतच नाही, तेव्हा कपॅसिटर कमकुवत झाल्याचा संशय घ्या. त्याला स्वतः हात लावू नका. प्लग काढल्यानंतरही त्यात चार्ज राहू शकतो. फोनवर "स्पिन बिघडलंय" म्हणण्याऐवजी "पाणी नीट बाहेर जातं, पण रिकाम्या ड्रमचा वेग चढत नाही" असं सांगितलंत तर माणूस योग्य सामान घेऊन येतो.