अजिंठ्याच्या भिंतीवरचं जहाज आणि त्याची न दिसणारी शिवण

मराठवाड्याला समुद्र नाही, पण प्राचीन भारतीय जहाजाचं सर्वात तपशीलवार चित्र मराठवाड्यातच आहे. अजिंठ्याच्या २ क्रमांकाच्या लेण्यात पूर्ण नावाच्या भिक्षूची कथा रंगवली आहे. समुद्रावर संकटात सापडलेल्या भावाला तो वाचवतो. त्या प्रसंगातलं हे जहाज इसवी सनाच्या पाचव्या शतकातलं.

चित्रापुढे थोडं थांबलं की एकेक गोष्ट दिसू लागते. नाळ म्हणजे पुढचं टोक आणि मागचं टोक दोन्ही उंच आहेत. नाळेवर डोळा रंगवलेला आहे. तीन डोलकाठ्या, प्रत्येकीवर रुंदीपेक्षा उंची जास्त असलेलं आयताकृती शीड, आणि पुढे झुकलेल्या काठीवर आणखी एक चौकोनी शीड. छताखाली रांजण ओळीने ठेवलेत. मागच्या बाजूला दोन्ही कडांना एकेक लांब वल्हं आहे.

फळ्या एकमेकींना कशा जोडल्या, हे मात्र चित्रकाराने दाखवलेलं नाही. ते समजून घ्यायला हिंदी महासागराच्या किनाऱ्यावर आजवर टिकून राहिलेल्या, फळ्या दोरीने शिवण्याच्या पद्धतीकडे जावं लागतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनातही ओमानच्या बाजूच्या शिवलेल्या होड्यांचा उल्लेख आहे.

या पद्धतीत आधी सांगाडा उभा करत नाहीत. तळाच्या कण्यापासून सुरुवात करून फळीच्या कडेला फळी लावत आधी कवच तयार होतं. आतली आडवी लाकडं नंतर बसतात. प्रत्येक फळीच्या कडेजवळ ठरावीक अंतरावर भोकं पाडायची, समोरच्या फळीवर अगदी त्याच रेषेत. दोन फळ्यांच्या सांध्यावर काथ्याची जाड वात ठेवायची आणि तिच्यावरून काथ्याची दोरी आरपार ओवत आवळायची. वात दाबली गेली की सांधा बंद होतो. मग भोकं तंतू आणि राळेने बुजवायची आणि लाकडावर माशाचं तेल चोपडायचं. खरं कसब आवळण्यात असतं. दोरी सैल राहिली तर फळ्या एकमेकींवर घासतात, वात सरकते आणि पाणी आत येऊ लागतं.

लोखंड माहीत असूनही माणसं शिवत का राहिली? मला सर्वात पटणारं कारण किनाऱ्यावरचं आहे. वाळूवर आपटताना किंवा लाटेत पिळवटताना शिवलेलं कवच थोडं लवतं, फुटत नाही. दुरुस्तीही सोपी असते: दोरी कापायची, फळी बदलायची, पुन्हा शिवायचं. याची किंमतही मोजावी लागते. काथ्या कुजतो, म्हणून काही वर्षांनी सगळी शिवण उसवून नवी घालावी लागते. जहाज जितकं लांब, तितके सांधे लाटेवर जास्त हलतात, आणि पाणी उपसणाऱ्या माणसांना उसंत मिळत नाही.

मागच्या दोन वल्ह्यांचा वल्हवण्याशी संबंध नाही. ती सुकाणू आहेत. रुंद पात्याचं हे वल्हं बाजूला दोरांनी बांधलेलं असतं आणि दाराची फळी बिजागरीवर फिरते तसं स्वतःच्या दांड्याभोवती फिरतं. वर बसवलेला आडवा दांडा पकडून सुकाणी पातं वळवतो. जोडीचं कारण साधं आहे. वारा बाजूने आला की जहाज कलतं आणि वाऱ्याकडचं पातं पाण्याबाहेर येऊ लागतं. तेव्हा पलीकडचं काम करतं. दुबळी जागा म्हणजे त्या बांधणीचे दोर. ते घासून तुटले की सुकाणू हातचं जातं. पैठणच्या सातवाहनांच्या दोन डोलकाठ्यांच्या जहाज-नाण्यांवरही अशीच सुकाणू-वल्ही दिसतात.

अजिंठ्याच्या चित्रावरून आपल्याकडे खरंखुरं जहाज बांधलं गेलं आहे. केरळच्या कारागिरांनी ते गोव्यात शिवलं, आयआयटी मद्रासमध्ये त्याच्या नमुन्याच्या चाचण्या झाल्या, आणि मे २०२५ मध्ये कारवारला ‘कौंडिण्य’ या नावाने ते नौदलात दाखल झालं. डिसेंबर २०२५ मध्ये ते पोरबंदरहून मस्कतकडे निघालं. त्याला चौकोनी शिडं आणि सुकाणू-वल्हीच आहेत.

चौकोनी शीड मागच्या वाऱ्यावर उत्तम चालतं, बाजूच्या वाऱ्यावरही निभतं. वाऱ्याच्या तोंडावर मात्र फारसं जात नाही. म्हणून प्रवासाचं वेळापत्रक वाराच ठरवायचा. पश्चिमेकडच्या जहाजांनी नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर भारताकडे यायचं, हिवाळ्यातल्या ईशान्य वाऱ्यावर परतायचं. पेरिप्लसनुसार भरुच बंदरापासून पैठण वीस दिवसांवर आणि तिथून पूर्वेला तेर आणखी दहा दिवसांवर. तेरचं कापड गाड्यांवर लादून भरुचला न्यायचं म्हणजे महिनाभराची वाट. परतीचा वारा सुटायच्या आत माल बंदरात हवा, तर तेरमधून गाड्या पावसाळ्याच्या चिखलातच नाही तर तो सरता सरता लगेच जुंपाव्या लागत असणार.