दोन्हीकडे WPA2, मग एकीकडे वेग 54 लाच का अडतो?

राऊटरच्या वायरलेस सेटिंगमध्ये `WPA2-PSK` दिसलं की बहुतेक जण निश्चिंत होऊन पान बंद करतात. खरी गडबड असते त्याच्या खालच्या रकान्यात. तिथे `TKIP`, `AES` किंवा `Auto` यांतलं एक निवडलेलं असतं. पासवर्ड तोच, फोनवर कुलपाचं चिन्हही तेच, त्यामुळे हे पर्याय सारखेच वाटतात. प्रत्यक्षात WPA2 ठरवतं की आत कोणाला घ्यायचं आणि त्याला किल्ली कशी द्यायची. त्या किल्लीने डेटा कसा गुंडाळायचा, ते हा खालचा रकाना ठरवतो.

टीकेआयपी हा मुळातच तात्पुरता उपाय होता. वाय-फायचं पहिलं कुलूप म्हणजे वेप. हवेतली पुरेशी पॅकेट्स जमवली की त्याची किल्ली काढता येते, हे 2001 मध्ये उघड झालं. पण तोवर विकली गेलेली कार्डं बदलणार कोण? म्हणून 2003 मध्ये डब्ल्यूपीएसोबत टीकेआयपी आलं. आतलं गणित वेपचंच, आरसी4. फक्त दर पॅकेटला किल्ली बदलायची आणि मजकुरात कोणी फेरफार केला का ते तपासायचं. जुन्या चिपवर नुसत्या सॉफ्टवेअर अपडेटने हे चालावं, हाच हेतू. एईएस मात्र नव्या हार्डवेअरसाठी, 2004 च्या मानकात आलं.

वेगाचा संबंध येतो 2009 च्या 802.11n मानकापासून. त्याचे वरचे वेग वेप किंवा टीकेआयपीसोबत वापरायचेच नाहीत, असा नियम त्यात आहे. म्हणजे राऊटर कितीही महागाचा असो, टीकेआयपीवर जोडलेलं उपकरण जुन्या दरांवर घसरतं आणि त्यांची कमाल आहे 54 एमबीपीएस. 5 गिगाहर्ट्झ बँडवर गेलं तरी सुटका नाही, तिथल्या जुन्या 802.11a मानकाची मर्यादाही 54 च. त्यातला निम्म्याहून जास्त वेळ पोचपावत्या आणि वाट पाहण्यात जातो, त्यामुळे हातात साधारण 20 ते 25 उरतात.

ठाण्यात घोडबंदर रोडला आमच्या शेजारच्या काकांकडे नेमकं हेच झालं होतं. प्लॅन 100 चा, लॅपटॉपला केबल लावली की 94, वाय-फायवर मात्र राऊटरशेजारी बसूनही 22. "एवढे टॉवर, घराघरात वाय-फाय, हवेत गर्दी झालीय," असं त्यांचं म्हणणं. शंका रास्त होती. आमच्याकडे फोनवर नेटवर्कची यादी संपता संपत नाही. पण गर्दीने आकडा हलता राहतो, दुपारी बरा आणि रात्री नऊनंतर पडलेला. काकांचा आकडा दिवसभर 22 लाच चिकटलेला. म्हणून त्यांच्या विंडोज लॅपटॉपवर ही आज्ञा दिली:

```
netsh wlan show interfaces
```

उत्तरातल्या तीन ओळींनी निकाल लागला:

```
Radio type          : 802.11a
Cipher              : TKIP
Receive rate (Mbps) : 54
```

लॅपटॉप नव्या 802.11ac मानकाचा असून `802.11a` दिसतंय आणि अगदी जवळ बसूनही दर 54 च्या वर जात नाही, म्हणजे दोष हवेचा नाही. नुसता सिग्नल कमकुवत असता, तर राऊटरजवळ गेल्यावर हा दर चढला असता.

राऊटरच्या पानावर दोन्ही बँडची सेटिंग वेगळी असते, तेव्हा दोन्हीकडे `AES` निवडून सेव्ह केलं. पासवर्ड बदलायची गरज नाही. एखादं उपकरण अडून बसलं तर त्यातलं नेटवर्क `Forget` करून पुन्हा जोडावं लागतं. काकांच्या लॅपटॉपवर आता `802.11ac`, `CCMP` आणि 866 दिसू लागलं. `CCMP` म्हणजे एईएसच, घाबरायचं कारण नाही. स्पीड टेस्ट 93 वर गेली; त्यापुढे प्लॅनच अडवतो.

त्यांचा जुना प्रिंटर मात्र गायब झाला, कारण त्याला टीकेआयपीच कळत होतं. अशा वेळी `Auto` किंवा `TKIP+AES` करायचा मोह होतो. त्यात नवी उपकरणं आपापला डेटा एईएसने पाठवतात खरी, पण सगळ्यांसाठीचे संदेश सर्वांत जुन्या उपकरणालाही वाचता यावेत म्हणून टीकेआयपीनेच जातात. शिवाय काही राऊटर अशा वेळी सगळ्यांनाच जुन्या दरांवर आणतात. एका प्रिंटरपायी अख्ख्या घराला हे कशाला? काकांनी त्याला यूएसबी केबल लावली.

यादीत `WPA3` असेल तर? 2018 मध्ये आलेल्या या पद्धतीत ओळख पटवण्याची रीत बदलली, पासवर्डचा अंदाज घरी बसून लाखो वेळा ताडून पाहणं तिने बंद केलं. वेग मात्र तेवढाच राहतो, कारण खाली एईएसच आहे. सगळी उपकरणं नवी नसतील तर `WPA2/WPA3` ठेवा. तरीही एखादा स्वस्तातला स्मार्ट प्लग जोडायला नकार देऊ शकतो, मग नुसतं `WPA2` आणि `AES` पुरेसं आहे.