डायलिसिस कधी सुरू करायचं? आकडा, लक्षणं आणि लघवीचा कॅन

हातात रिपोर्ट धरून दर आठवड्याला कोणी ना कोणी आमच्या सेंटरवर येतं आणि विचारतं, "दादा, जीएफआर ९ उना, आते काय करानं?" सगळ्यांना तेच उत्तर परत परत द्यावं लागतं, म्हणून इथे लिहून ठेवतो.

जीएफआर म्हणजे किडनी मिनिटाला किती मिली रक्त गाळून साफ करते तो आकडा. नुसत्या त्या आकड्यावर आम्ही कोणालाही मशीनवर घेत नाही. रिपोर्टातला ईजीएफआर क्रिएटिनिनवरून काढलेला अंदाज असतो, आणि क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंमध्ये. आजारपणात वाळलेल्या म्हाताऱ्या माणसाचं क्रिएटिनिन मुळातच कमी येतं, त्यामुळे त्याची किडनी आहे त्यापेक्षा बरी दिसते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ८२८ रुग्णांवर एक अभ्यास झाला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांचं डायलिसिस जीएफआर १० ते १४ असतानाच सुरू करायचं आणि बाकीच्यांचं ५ ते ७ पर्यंत थांबायचं, असं ठरलं होतं. लवकर सुरू केलेले जास्त जगले नाहीत. पण थांबवलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोकांना ७ च्या वर असतानाच, बहुतेक त्रास वाढल्यामुळे, सुरू करावं लागलं. म्हणून थांबायचं ते डॉक्टरांच्या नजरेखाली.

आडवं झालं की दम लागणं, गोळी वाढवूनही सूज न उतरणं, अन्नाच्या वासाने मळमळणं, सकाळी उलटी होणं, महिन्यागणिक अंगावरचं मांस उतरणं, दिवसा गुंगी येणं, छातीत दुखणं, ही लक्षणं आकडा १२ असला तरी चालवून घेऊ नका. दम, गुंगी किंवा छातीत दुखणं असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पोटॅशियम मात्र काही न कळवता वाढतं, म्हणून बरं वाटत असलं तरी रक्ततपासणी चुकवू नका. फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी हातात ऑपरेशनने जोडलेली रक्तवाहिनी, तयार व्हायला दोन-तीन महिने लागतात. तो आधीच करून घ्या, नाहीतर मानेत नळी टाकूनच सुरुवात करावी लागते.

आता आमचा सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक. डायलिसिस सुरू झालं की घरचे लघवीकडे बघायचंच सोडून देतात. आठवड्याचे तास १६८, त्यातले मशीनवर जेमतेम ८ ते १२. उरलेले तास तुमची शिल्लक किडनीच काम करते, आणि जे मोठे घटक मशीनला नीट गाळता येत नाहीत, तेही ती काढते. ज्याला दिवसाला लिटरभर लघवी होते, त्याच्या अंगातून मशीनला कमी पाणी ओढावं लागतं आणि मशीनवर त्याचा बीपी घसरण्याचा त्रासही कमी होतो. म्हणून आम्ही दर दोन महिन्यांनी चोवीस तासांची लघवी मागतो. पुष्कळांना ही कटकट वाटते, पण किती डायलिसिस लागेल ते बरंचसं यावर ठरतं.

रावेरकडच्या एका केळी बागायतदार काकांचं उदाहरण घ्या. त्यांनी ७०० मिली लघवी आणली. लघवीतलं युरिया ४२० होतं आणि दोन डायलिसिसच्या मधल्या काळातलं रक्तातलं सरासरी ९०. गणित असं: ४२० × ७००, भागिले ९० × १४४० मिनिटं. किडनीचं काम निघालं मिनिटाला २.३ मिली, म्हणजे आठवड्याला तिसरं डायलिसिस लागणार. काकू सहज म्हणाल्या, "रात्रीची दोनदा मोरीतच गेली." पुन्हा नीट गोळा केली, तर १००० मिली भरली आणि उत्तर आलं ३.२. साधारण ३ च्या वर असेल आणि वजन, पोटॅशियम काबूत असेल, तर डॉक्टर दोनवर ठेवू शकतात. काकांना त्यांनी दोनवरच ठेवलं.

तुमची डायलिसिसची पाळी गुरुवारी सकाळी असेल, तर बुधवारी सकाळी ७ ची लघवी टाकून द्या. तिथून पुढची प्रत्येक लघवी कॅनमध्ये, रात्रीची आणि संडासच्या वेळचीसुद्धा. गुरुवारी ७ ची शेवटची कॅनमध्ये घेऊन या. आपल्याकडच्या मे महिन्यात कॅन बर्फाच्या पेटीत ठेवा, उन्हाने युरिया बिघडतं.

ही शिल्लक किडनी मारतात त्या मेडिकलवरून घेतलेल्या गुडघेदुखीच्या गोळ्या, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन आणि त्यांच्या जातीच्या. सीटी स्कॅनसाठी शिरेतून रंग देणार असतील, तर आधी किडनीच्या डॉक्टरांना विचारा. जुलाब-उलट्या लागल्या तर बीपीच्या आणि लघवीच्या गोळ्या चालू ठेवायच्या का, ते त्याच दिवशी फोनवर विचारा.

तिसरी पाळी कमी झाली तर आमचं बिलही कमी होतं, हे आम्हाला कळतं. तरीही मापाचा कॅन आम्ही फुकट देतो आणि गणित तुमच्यासमोर करून दाखवतो. कॅन नेताना काउंटरवर पाळीचा वार सांगा, झाकणावर वेळ लिहून देतो.